बसच्या वाटेवर सांडूमामा

आमच्या सांडूमामांना जन्मभर कुणी कुठं चटकन आत सोडलं नाही, म्हणून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना बाहेर थांबवलं, असं माझी आई म्हणते. आई म्हणजे आवडाबाई, मामांची थोरली बहीण. भावाविषयी ती काहीही बोलली तरी चालतं. मी बोललो की मात्र चिडते, म्हणून हे लिहून काढतो आहे.

मामा देवगाव रंगारीचे. अंगानं किडकिडीत, मान जराशी पुढं, आणि उभं राहण्याची सवय अशी की घरातसुद्धा चौकटीत उभे राहूनच चहा प्यायचे. तरुणपणी कन्नडच्या पुढं एका साखर कारखान्यावर हंगामी गेटमन होते. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळे नंबरानं आत घ्यायचे, हे त्यांचं काम. थंडीच्या दिवसात माझ्या वडिलांची गाडी रांगेत अडकली होती. वडिलांना वाटलं, मेहुणा गेटवर आहे, आपली गाडी काय थांबते! मामांनी गेटवर त्यांना चहा पाजला, तंबाखू दिली आणि परत रांगेच्या शेपटाला पाठवलं. तिथून पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी मामांचं नाव निघालं की वडील पान थुंकायला उठायचे.

हे मला माहीत होतं. तरी मी फसलो, ते पुढं सांगतो.

कारखान्याचं काम सुटल्यावर मामा पिंपरी-चिंचवडला गेले. आधी कुठल्याशा सोसायटीवर वॉचमन, मग बसच्या राखीव रस्त्यावर वॉर्डन. आपल्या संभाजीनगरात असला रस्ता नाही, त्यामुळं गावात कुणाला हे काम समजावून सांगता येत नसे. मामी सांगायची, "ते रस्ता राखत्यात." लोकांना वाटायचं, खड्डे बुजवत असतील.

तर तो रस्ता असा. भल्या रुंद रस्त्यातला एक पट्टा दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा लावून वेगळा काढलेला. त्यातून फक्त शहराची बस जाणार. ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब आणि पोलिसांची गाडी यांनाही मुभा. बाकी कुणी नाही. कार नाही, रिक्षा नाही, मोटरसायकल नाही, नवरदेवाची गाडी नाही, पुढाऱ्याचा स्टिकर लावलेली तर मुळीच नाही. बाहेर गाड्या खच्चून उभ्या असतात आणि आत तो पट्टा मोकळा, सारवलेल्या अंगणासारखा. बघितलं की कुणाचाही जीव त्यात शिरायला बघतो. तो जीव आवरून धरायला तोंडाशी एक आडवा दांडा, आणि दांड्याशी आमचे मामा.

मामांच्या हाती अधिकार काय, तर शिट्टी. दंड करायचा तो पोलिसानं. मामांनी फक्त बस आली की दांडा उचलायचा, बस गेली की टाकायचा, आणि जो घुसेल त्याच्यापुढं आडवं व्हायचं. दिवसभर धूर खायचा आणि शिव्या खायच्या. कुणी म्हणायचं "जाने दो ना चाचा, दो मिनट का काम है", कुणी आई-बहीण काढायचं. एकदा एका मोटरसायकलवाल्यानं पायावरून चाक नेलं, तेव्हापासून उजव्या पायाचं बोट वाकडं आहे. मी म्हटलं, "मामा, इतकं कशाला अडवता? सोडायचं एकेकाला."

"एकेकच असतो का?" मामा म्हणाले. "एक शिरला की मागं धा शिरत्यात. मंग बस अडकती. बसमधी साठ माणसं असत्यात, बाबू. त्या एकाच्या गाडीत एकच."

असं बोलून ते पाय चोळत बसायचे. पाय कायम सुजलेले. सुट्टीला गावी आले की दोन दिवस नुसते झोपून काढायचे. मामी उशाशी बसून गप्प बघत राहायची. दोघांचं लग्न होऊन जमाना झाला, पण एका छपराखाली राहिलेले दिवस फार थोडे. मुलगा सम्यक झाला तेव्हाही मामा कारखान्याच्या गेटवरच होते.

आता मामीचं. नाव मनकर्णाबाई. दोन वर्षांपासून तिला दम लागायला लागला. आधी आम्ही म्हटलं वय झालं. मग न्हाणीघरापर्यंत जातानाही थांबायला लागली, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागली. सम्यकनं तिला संभाजीनगरला दाखवलं. हृदयातली एक झडप आकसली आहे, असं निघालं, पण तिथला खर्च झेपणारा नव्हता. तेवढ्यात सम्यकला वाळूजच्या कंपनीत नवीन काम लागलं होतं, रजा मिळेना. मामांच्या तिकडच्या सरकारी दवाखान्यात हृदयाचे मोठे डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात असं कळलं. केसपेपर सकाळी अकरापर्यंतच निघतो. हुकलं की पुढचा गुरुवार. आणि मामीकडं बघितलं तर तिच्याजवळ पुढचा गुरुवार आहे का, असंच वाटायचं. ओठ निळसर झाले होते तिचे.

मी बोलेरो चालवतो, आईच्या नावावर आहे. बुधवारी मामीला घेऊन निघालो. गाडीत चढवायलाच दोन माणसं लागली. मी खालून, शेजारचा गोकुळ वरून. चढल्यावर ती पाच मिनिटं नुसती श्वास मोजत बसली आणि म्हणाली, "अतुल, मला उतरवूच नको आता. दवाखान्यातच गाडी घाल."

संध्याकाळी मामांच्या खोलीवर पोचलो. एकच खोली, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दोरीवर कामावरची पोपटी जाकिटं. मामांनी आधीच वरण-भात करून ठेवला होता. मामीला टेकायला गादी गुंडाळून दिली. जेवताना मामी हळूच म्हणाली, "उद्याच्याला तुमी येता ना संगं? डॉक्टर काय बोलल ते मला एकटीला कळायचं नाय."

मामा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "एक वॉर्डन कमी हाय गं. गुरुवारी सुट्टी मागितली व्हती. सुपरवायझर म्हणला, आलास नाय तर परत येऊच नको."

मामीनं ताट बाजूला सारलं. मला मात्र संताप आला. उभ्या जन्मात या माणसानं बायकोसाठी एक दिवस काढू नये? मी म्हटलं, "राहू द्या मामा. मी हाये, गाडी हाये."

"गाडी नको," मामा म्हणाले. "सकाळच्याला रस्ता लई तुंबतो. बसनं न्या तिला. आपल्या गल्लीच्या तोंडाशीच स्टॉप हाय. दवाखान्याच्या दारात उतरवती."

आता मात्र मी हसलो. "मामा, एसटीच्या दोन पायऱ्या चढताना मामीचा जीव जातो. तुमी तिला बसनं न्यायला सांगता?"

"ह्या बसला पायरी नाय."

"पायरी नसलेली बस असती का कुठं?"

मामांनी वाद घातला नाही. ते वाद घालतच नाहीत, दमलेले असतात. "दम जास्त लागला तर ॲम्ब्युलन्स बोलव," एवढंच म्हणाले. "तिला मी आपसूक दांडा उचलतो. चालत्याबोलत्या माणसाला बस."

दारात गाडी असताना बसनं जायचं, हे माझ्या डोक्यात बसणारं नव्हतं. आमच्याकडं ज्याच्याकडं गाडी नाही तो बसनं जातो. सकाळी मामा अंधारातच कामाला गेले. मी आठ वाजता मामीला गल्लीतल्या दोघांच्या मदतीनं गाडीत चढवलं आणि निघालो.

मामा म्हणाले तसंच झालं. मोठ्या रस्त्याला लागलो आणि थांबलो. पुढं गाड्या, मागं गाड्या. माझ्या शेजारी एक पांढरी कार, तिच्यातला माणूस आरामात दाढी करत होता, म्हणजे त्याला याची सवय होती. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मामीनं पदर तोंडाला लावला. काच खाली केली तर धूर, वर केली तर कोंदट. तिचा श्वास मला गाडीच्या आवाजातही ऐकू येत होता. "किती राह्यलं रे?" ती विचारायची आणि मी "हे काय, आलंच" म्हणायचो.

आणि समोर तो कठडा दिसला. मोकळा पट्टा. तोंडाशी दांडा, आणि दांड्याशी पोपटी जाकिटातला माझा सख्खा मामा.

माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, कारण ते आमच्या भागातल्या माणसाचंच चालेल. एक म्हणजे, आम्ही कन्नडच्या घाटात गाड्या चालवलेली माणसं. घाटात धुकं उतरलं की काही दिसत नाही, तेव्हा एकच शहाणपण, एसटीच्या मागचा लाल दिवा धरायचा आणि तिच्या शेपटाला चिकटून चालायचं. एसटी जिथून जाते तिथून आपणही जातो. दुसरं म्हणजे, गेटवर आपला माणूस. वडिलांना अडवलं होतं हे खरं, पण ते पडले मेहुणे. गाडीत बायको बसलेली असताना कोण अडवतं?

बस आली. मामांनी दांडा उचलला. मी स्टेअरिंग फिरवलं आणि बसच्या शेपटाला चिकटलो. गाडीचं नाक आत गेलं. दांडा खाली येऊ शकला नाही.

मामा दोन्ही हात आडवे करून गाडीपुढं आले.

मी काच खाली करून ओरडलो, "मामा, मी हाये! मामी हाये आत!"

"दिसतंय," मामा म्हणाले. "मागं घे."

"अहो, तिला दम लागलाय!"

"मागं घे, अतुल."

माझ्यामागं एक रिक्षा, दोन कार आणि तीन-चार मोटरसायकली शिरल्याच होत्या. एक शिरला की दहा, ते मामा म्हणायचे ते हेच. त्यांच्या मागं पुढची बस येऊन उभी राहिली आणि तिनं हॉर्न धरला. कठड्यामुळं तिला इकडं सरकता येईना की तिकडं. बसमधली माणसं खिडकीतून डोकी काढून माझ्याकडं बघायला लागली. शेजारच्या कॉलेजच्या पोरी, डबे घेतलेल्या बाया, कुणी म्हातारा. त्या साठांमधल्या किती जणांचं काय हुकत होतं कोण जाणे. तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती. मी म्हटलं, "बायको मरायला लागली तरी तुमचा नियमच?"

हे बोलायला नको होतं, पण बोललो.

मामांनी आडवे हात खाली घेतले नाहीत. नुसते थकलेले दिसले. तेवढ्यात तिथं ड्युटीवर असलेले बद्रीनाथ हवालदार आले. त्यांनी आधी माझ्या गाडीचा फोटो काढला, समोरून, नंबरासकट. मग विचारलं, "एमएच वीस? संभाजीनगरचे का? आत कुणाला जाता येतं ते माहीत आहे ना? बोर्ड एवढा मोठा लावलाय."

"साहेब, पेशंट हाये."

"पेशंट असला तरी खासगी गाडी नाही. ॲम्ब्युलन्स आणायची." दंडाच्या मशीनवर बोटं चालवत ते म्हणाले, "पहिल्यांदा पाचशे. पुन्हा सापडलात तर दीड हजार. पावती मालकाच्या मोबाईलवर जाईल."

"हा माझा भाचा हाय साहेब," मामा म्हणाले. "आन ती माझी बायको."

हवालदारांची बोटं थांबली. त्यांनी एकदा मामांकडं बघितलं, एकदा काचेमागं पदर धरून बसलेल्या मामीकडं. "मग कॅन्सल करू का, सांडू?"

"नाय. व्हऊ द्या."

मला वाटलं, हा माणूस दगडाचा आहे. हवालदारांनी मागच्या रिक्षाला आणि कारना एकेक करून बाहेर काढलं, त्यांचेही फोटो घेतले. मी गाडी मागं घेतली. ती मागची बस सुटली. मी एका दुकानापुढं गाडी लावली आणि मामांशी भांडायचं म्हणून उतरलो, तर मामा आधीच मामीच्या दाराशी उभे.

"चल," ते तिला म्हणाले. "उतर."

"कुठं?"

"बसला."

"अवं, मला चढवायचं नाय."

"चढायचंच नाय. चल तर."

मी एका बाजूनं, ते एका बाजूनं. दांड्यापासून थोडं पुढं, रस्त्याच्या मधोमध बसचं स्टेशन आहे. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून आम्ही तिला नेलं. वर जायला पायऱ्या नाहीत, घसरण आहे, हळूहळू वर चढत जाणारी. मामी दोनदा थांबली, कठड्याला धरून. मामा तिच्याबरोबर थांबले. वर सावली होती, बसायला बाक होतं. तिला बसवलं आणि मला हायसं वाटलं, पण लगेच वाटलं, आता बसची पायरी.

बस आली. आमच्या बसचं दार डाव्या हाताला असतं, हिचं दार उजवीकडंही होतं, स्टेशनाच्या बाजूला. मामा ड्रायव्हरला ओरडले, "टेकवून घे रे भाऊ, पेशंट हाय!" ड्रायव्हरनं बस अशी कडेला आणली की बसचा तळ आणि स्टेशनची फरशी एकाच पातळीत आले. मधे पाऊल अडकेल एवढीही फट नाही. दार उघडलं.

मामीनं आमचे हात सोडले आणि उंबरा नसलेल्या घरात जावं तशी चालत आत गेली. एकटी. आत जाऊन वळली, तिचंच तिला नवल वाटलं. म्हणाली, "आँ! पायरी नाय हिला."

मामा म्हणाले, "कालपासून तेच सांगतोय."

कंडक्टर पोरगी होती, तनुजा नावाची. रोज मामांना बघणारी. तिनं पुढची सीट रिकामी करून मामीला बसवलं आणि विचारलं, "कोण सोबत येणार, काका?"

मी पुढं झालो. मामीनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती मामांकडं बघत होती. तिनं आयुष्यभर जे मागितलं नाही ते सगळं त्या बघण्यात होतं. मामांनी मान वळवून लांब दांड्याकडं पाहिलं. तिथं हवालदार एकटेच होते, एका मोटरसायकलवाल्याशी हुज्जत घालत. मामांनी हात वर केला. हवालदारांना काय समजलं देव जाणे, त्यांनी हातानं खूण केली, जा, जा.

मामांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. जाकीट काढून दिलं. "बद्रीनाथ साहेबांपाशी उभा राहा," म्हणाले. "आन कुणाला सोडू नको."

ते आत चढले. म्हणजे चढले नाहीत, चालत गेले. दार लागलं आणि बस त्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ निघून गेली. मी तिथंच उभा, हातात शिट्टी, अंगावर पोपटी जाकीट.

पुढं जे झालं त्याचं मला अजून हसू येतं आणि वाईटही वाटतं. हवालदार म्हणाले, "उभे राहा पाव्हणे, आता तुम्हीच राखा." मी उभा राहिलो. उन्हानं डोकं तापलं, धुरानं घसा बसला. जो येईल तो काकुळतीनं नाहीतर गुर्मीनं बोलायचा. एकाची गाडी एमएच वीसच निघाली. नंबर बघून माझा जीव खुलला. तोही माझ्या बोलण्यावरून ओळखून म्हणाला, "अरे, आपले गाववाले! सिल्लोडचा हाये मी. सोडा ना भाऊ, लगनाला चाललोय." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मागं घ्या, भाऊ." तो मला जे बोलला ते मी सकाळी मामांना बोलल्यापेक्षा कमीच होतं.

मधेच एक ॲम्ब्युलन्स आली, तिला मी दांडा उचलला. त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

फोन वाजला. मामा. "केसपेपर निघाला," म्हणाले. "खिडकी बंद करायच्या घाईत व्हते. आमचा शेवटून दुसरा." मी मान वर करून बघितलं. सकाळी माझ्या शेजारी दाढी करणारा तो पांढऱ्या कारवाला अजून पुढच्या सिग्नलच्या अलीकडंच दिसत होता.

दुपारी मामांचा पुन्हा फोन आला. डॉक्टरांनी मामीला लगेच दाखल करून घेतलं होतं. मांडीतून नळी सरकवून, फुगा घालून झडप उघडायची. चिरफाड नाही, पण थांबायचंही नाही. डॉक्टरांनी विचारलं, नवरा कुठं आहे, सगळं नीट समजावून सांगायचं आहे आणि सही लागेल. नवरा तिथं होता. मामा मला म्हणाले, "तिनं माझा हातच धरून ठेवला रे, सही करायलाबी सोडंना. डाव्या हातानं कागद दाबून धरता येईना मला." एवढं लांबलचक मामा फोनवर कधी बोलले नव्हते.

त्याच वेळी इकडं सुपरवायझर मोटरसायकलवरून फेरीला आला. दांड्याशी अनोळखी माणूस बघून त्यानं विचारलं, "तू कोण?"

"भाचा."

"कुणाचा भाचा?"

"वॉर्डनचा."

त्यानं माझाही फोटो काढला. एका दिवसात माझे दोन फोटो, दोन्ही गुन्हेगाराचे. हवालदारांनी त्याला समजावलं, मीच पाठवलं म्हणाले. पण वॉर्डन ठेकेदाराचे असतात, हवालदाराचं तिथं काय चालणार? संध्याकाळी मामांना फोन आला, उद्यापासून येऊ नका.

मी चवताळलो. म्हटलं, चला ठेकेदाराकडं, मी बघतो त्याला. इतकी वर्षं एक माणूस उगाच आत सोडला नाही, आणि त्याला असं काढतात? मामा दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून चहा पीत होते. हो, बसून. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

"जागा सोडली व्हती मी," ते म्हणाले. "त्याचं बरोबर हाय."

"मग मला सोडलं असतं तर? गाडी दहा मिनिटांत गेली असती. नोकरीही राहिली असती."

"मागची बस अडकली असती."

"तुमची नोकरी गेली, मामा!"

"नोकरी माझी व्हती," मामा म्हणाले. "रस्ता माझा नव्हता." आणि ते इतके दमलेले होते की पेला खाली ठेवायचंही विसरले, हातातच धरून डोळे मिटून बसले.

मला अजूनही हे पटलेलं नाही. पटलं असतं तर लिहायला बसलो नसतो.

दोन दिवसांनी आईचा गावाहून फोन आला. तिच्या मोबाईलवर पोलिसांचा मेसेज आला होता, गाडी तिच्या नावावर म्हणून. ती घाबरली होती. शेजारच्या अपेक्षानं तिला लिंक उघडून दिली होती. आई म्हणाली, "आरं अतुल, हे दंडाचं काय म्हणायचं? फोटो आलाय त्यात. तुझा मामा हाय त्यात, हात आडवे करून. आन मामी हाय काचंमागं. हे काय नाटक केलं तुमी?"

मी म्हटलं तक्रार करतो, साइटवर करता येते. मामांना विचारलं तर म्हणाले, "काय लिव्हशील? मामा आडवा आला म्हणून?" मी दंड भरला.

मामीची झडप उघडली. आता ती आडवी झोपते, गावातल्या विहारापर्यंत चालत जाते. मामा तिच्याबरोबर जातात, दुसरं काम नाही. कधी कधी देवगावच्या बसस्टँडवर उभे राहून एसटीत चढणाऱ्या म्हाताऱ्यांना हात देतात, पायऱ्या उंच आहेत म्हणून. कुणी पगार देत नाही, कुणी काढूनही टाकत नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एक नवीन छोटी फ्रेम. मामीनं अपेक्षाकडून तो दंडाचा फोटो छापून आणला होता, खालचा मजकूर कापून. बोलेरोचं नाक, पुढं हात आडवे केलेले मामा, काचेमागं पदर धरलेली मामी. लग्नात फोटोवाला नव्हता, नंतर कधी काढायचं सुचलं नाही. दोघांचा मिळून हा एवढाच.

मी म्हटलं, "मामी, अगं, हा गुन्ह्याचा फोटो आहे. भिंतीवर काय लावतेस?"

मामी चुलीपाशी होती. तिनं वळून फोटोकडं बघितलं, मग चौकटीत उभ्या असलेल्या मामांकडं. "असू दे," म्हणाली. "सगळ्या जिंदगीत एकदाच माझ्या पुढ्यात येऊन उभे राह्यले. मला अडवायला का व्हयना, पण आले."

मामा चौकट सोडून आत आले आणि चुलीपाशी, तिच्या शेजारी, खाली बसले.